ग्राउंड फॉल्ट चार्जरवर, गळती गीझरमध्ये: एका घरगुती ईव्ही चार्जरचे प्रकरण

घराच्या भिंतीवर बसवलेला ७.४ किलोवॅटचा सिंगल फेज चार्जर, ३२ अँपिअरचा. डीबीपासून, म्हणजे घराच्या वीजवाटप पेटीपासून, चार्जरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र केबल, तिच्यावर जादा करंट आला की पडणारा ४० अँपिअरचा एमसीबी आणि गळती झाली की पडणारा ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी. अर्थिंगसाठी घराचा स्वतःचा एक रॉड जमिनीत ठोकलेला. म्हणजे वीजपुरवठ्याकडून फक्त फेज आणि न्यूट्रल येतात, आणि अर्थ घराचा स्वतःचा. या रचनेला टीटी पद्धत म्हणतात. पुढचा सगळा उलगडा या एका गोष्टीवर उभा आहे.

तक्रार अशी होती की संध्याकाळी गाडी लावली की चार्जिंग नीट सुरू होते, पण कधी दहा-बारा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने थांबते. चार्जरचा दिवा लाल होतो आणि ॲपवर ग्राउंड फॉल्ट असा संदेश येतो. काही मिनिटांनी चार्जर आपोआप पुन्हा प्रयत्न करतो. कधी चालू होतो, कधी नाही. दुपारी लावलेली गाडी मात्र पूर्ण भरते. चार्जरचा आरसीसीबी एकदाही पडलेला नाही. करंट ३२ वरून १६ अँपिअरवर आणून पाहिला, तरी काही फरक पडला नाही.

तोपर्यंत तीन सल्ले मिळाले होते: चार्जर बदला, अर्थच्या खड्ड्यात मीठ-पाणी घाला, आणि चार्जरच्या टर्मिनलवर न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका. यातला तिसरा सल्ला जीवघेणा आहे. तो का, हे पुढे येईलच.

एका संदेशामागे दोन वेगळ्या तपासण्या

ग्राउंड फॉल्ट हे शब्द वाचले की बहुतेकांच्या डोक्यात गळती येते. चार्जर मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी तपासत असतो आणि अनेक ॲप त्या दोन्ही एकाच नावाने दाखवतात.

पहिली तपासणी गळतीची. चार्जरच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच सेन्सरच्या कड्यातून जातात. जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखे असतील तर कड्याला काहीच जाणवत नाही. त्यांत फरक पडला, तर तेवढा करंट दुसऱ्या वाटेने, बहुधा अर्थमधून, जातो आहे. गुळगुळीत डीसी गळतीसाठी ६ मिलिअँपिअर ही मर्यादा असते, आणि बऱ्याच चार्जरमध्ये एसी गळतीचीही मर्यादा ठेवलेली असते. हा सेन्सर फक्त आपल्या पुढचे पाहतो: चार्जरची केबल, गन आणि गाडी. डीबीकडून येणारी केबल किंवा घरातले बाकीचे सर्किट त्याला दिसत नाही.

दुसरी तपासणी अर्थची. गाडीचा पत्रा अर्थच्या तारेला जोडलेला असतो, त्यामुळे ती तार खरोखर जमिनीच्या पातळीवर आहे ना, हे चार्जर पाहतो. पुष्कळ चार्जर यासाठी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज सतत मोजत राहतात. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चार्जिंग बंद. ही मर्यादा प्रत्येक बनावटीत वेगळी असते. या चार्जरच्या माहितीपुस्तिकेत ती ३० व्होल्ट दिलेली होती.

म्हणून पहिले काम ॲप बाजूला ठेवून चार्जरची मूळ नोंद पाहण्याचे. पुस्तिकेतल्या तक्त्यात गळतीचा कोड वेगळा होता आणि अर्थचा वेगळा. नोंदीत प्रत्येक वेळी अर्थचाच कोड होता. ही पाच मिनिटांची तपासणी आधी झाली असती, तर चार्जर बदलण्याचा विचार कुणाच्या मनातही आला नसता. जिथे असा वेगळा कोड मिळत नाही, तिथे मोजमापाला पर्याय नाही.

वेळेवरून काय कळते

मीटर हातात घेण्याआधी संदेश कधी येतो हे लिहून काढावे. गन लावताच, चार्जरमधला गाडीला वीज जोडणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर ओढण्याआधीच संदेश आला, तर अर्थची तार तुटलेली किंवा सैल असते, किंवा फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. कॉन्टॅक्टर ओढल्याच्या क्षणी आला, तर गन, केबल किंवा गाडीच्या आतल्या चार्जरकडे पाहावे. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर आला, तर ओलावा.

इथे वेळ ठरलेली नव्हती, पण पहर ठरलेला होता. दुपारी नाही, संध्याकाळी हमखास. करंट निम्मा करूनही फरक नाही, म्हणजे चार्जिंगच्या भाराने तापणारे काही कारणीभूत नाही. अशा वेळी संशय घरातल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणावर जायला हवा, असे उपकरण जे संध्याकाळी चालू होते आणि मधूनमधून आपोआप बंद-चालू होत राहते.

मोजमाप

हे काम परवानाधारक वायरमनचे आहे, कारण चार्जरचे झाकण काढून चालू टर्मिनलवर मीटर लावावा लागतो. चार्जरच्या इनकमिंग टर्मिनलवर तीन व्होल्टेज घ्यायचे: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

दुपारी, घरात फारसा भार नसताना, न्यूट्रल-अर्थमध्ये ०.८ व्होल्ट होते. गाडी ३२ अँपिअरवर चार्ज होऊ लागली की ते ३.१ व्होल्ट झाले. हे वाढणे स्वाभाविक आहे, कारण न्यूट्रलच्या तारेतून ३२ अँपिअर जाताना तिच्या रोधामुळे तेवढा फरक पडतोच. दुपारी तक्रार का नव्हती, हे इथेच स्पष्ट झाले.

संध्याकाळी चार्जर थांबल्यावर लगेच घेतलेले आकडे असे होते: फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ १७९, न्यूट्रल-अर्थ ५०. फेज आणि न्यूट्रल यांच्यात काही बिघडलेले नाही, पण अर्थची तार न्यूट्रलपासून ५० व्होल्ट फेजच्या दिशेने सरकली आहे. १७९ आणि ५० मिळून २२९ होतात, म्हणजे वाचन एकमेकांशी जुळते. गाडी चार्ज होत नसतानाही हे ५० व्होल्ट तसेच होते. चार्जर या प्रकरणात दोषी नव्हता, तो साक्षीदार होता.

अर्थची तार मध्येच तुटलेली असती तर चित्र वेगळे दिसले असते. गाडी आणि उपकरणांमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे तुटलेली अर्थची तार फेज आणि न्यूट्रल यांच्या साधारण मध्यावर तरंगते, आणि मीटर दोन्हींपासून ११०-११५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. तो व्होल्टेज पोकळ असतो. मीटरला कमी रोधाचा मोड असेल आणि त्यावर न्यूट्रल-अर्थ मोजले, तर तो लगेच कोसळतो. इथले ५० व्होल्ट त्या मोडवरही ५०च राहिले, म्हणजे त्यांच्यामागे खराखुरा करंट वाहत होता. (कमी रोधाचा मोड फेज आणि अर्थ यांच्यात लावू नये. मीटरमधून जाणाऱ्या करंटनेच आरसीसीबी पडू शकतो.)

मग गळती मोजणारा क्लॅम्प मीटर घेतला. साध्या क्लॅम्पने हे काम होत नाही, कारण इथे मिलिअँपिअर वाचायचे असतात. चार्जिंग चालू असताना चार्जरच्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या, अर्थची तार बाहेर ठेवली. वाचन ३.१ मिलिअँपिअर. गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात फिल्टर कपॅसिटर असतात आणि त्यांतून थोडा करंट नेहमीच जातो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ४७ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून सुमारे ३.४ मिलिअँपिअर जातात. म्हणजे ३.१ हे निरोगी गाडीचेच लक्षण. आरसीसीबी न पडण्याचे कारणही हेच: त्याच्या पुढे गळतीच नव्हती.

तोच क्लॅम्प घरातून अर्थ रॉडकडे जाणाऱ्या मुख्य तारेभोवती लावला, तेव्हा ०.४२ अँपिअर दिसले. ४२० मिलिअँपिअर करंट सतत जमिनीत जात होता.

आता डीबीतले एमसीबी एकेक करून बंद करत न्यूट्रल-अर्थच्या व्होल्टेजवर नजर ठेवली. गीझरचा एमसीबी खाली येताच ५० व्होल्टचे १ व्होल्टच्या आत आले. पुन्हा चालू केला, पुन्हा ५०.

गीझर ते चार्जर, वाट कशी होती

गीझर बंद करून त्याच्या एलिमेंटच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि एलिमेंटचे टर्मिनल व पत्रा यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन पाहिले. वाचन शून्य मेगओहम. २३० व्होल्टच्या सर्किटला निदान १ मेगओहम हवा. एलिमेंटच्या धातूच्या नळीत गरम होणारी तार आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते. नळीला चीर गेली की पाणी पुडीत शिरते आणि तारेपासून पाण्यापर्यंत, तिथून टाकीच्या पत्र्यापर्यंत वाट तयार होते.

गीझर चालू असला तरी त्याचा एमसीबी पडला नाही, कारण ०.४२ अँपिअर हा त्याच्या दृष्टीने किरकोळ भार आहे. गीझरच्या सर्किटवर आरसीसीबी नव्हता. घरातला एकमेव आरसीसीबी चार्जरच्या सर्किटवर होता, आणि तो गीझरची गळती पाहू शकत नाही.

गळणारा करंट पत्र्यावरून अर्थच्या तारेत, तिथून रॉडमध्ये, जमिनीतून पुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या अर्थकडे आणि तिथून न्यूट्रलला जात होता. या वाटेवर रॉडचा रोध मोठा होता. तो किती, हे नव्या उपकरणाशिवायही काढता येते: न्यूट्रल-अर्थचे ५० व्होल्ट भागिले ०.४२ अँपिअर, म्हणजे सुमारे ११९ ओहम. यात घराचा रॉड आणि ट्रान्सफॉर्मरचा अर्थ दोन्ही आले. नंतर मुख्य स्विच बंद करून, रॉडची तार सोडवून तीन खुंट्यांच्या पद्धतीने मोजले, तेव्हा घराचा रॉड एकटा ११२ ओहम निघाला. दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात. (तीन खुंट्यांच्या चाचणीत करंटची खुंटी लांब आणि व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठोकतात. मधली खुंटी थोडी मागे-पुढे करूनही वाचन स्थिर राहिले, तरच ते धरावे.)

घरातला प्रत्येक अर्थ पिन त्याच तारेला जोडलेला असल्यामुळे फ्रिजचा पत्रा, वॉशिंग मशीन आणि चार्ज होणारी गाडी, सगळे ५० व्होल्टवर उचलले जात होते. चार्जरने ते ओळखले आणि चार्जिंग थांबवले. थर्मोस्टॅट गीझरची फेज तोडायचा तेव्हा व्होल्टेज खाली यायचा आणि चार्जरचा पुढचा प्रयत्न यशस्वी व्हायचा. कधी बारा मिनिटे, कधी तीस, हा लपंडाव थर्मोस्टॅटचा होता.

दुरुस्तीचा क्रम, आणि तो का महत्त्वाचा

इथे थांबून हिशोब करून पाहण्यासारखा आहे. समजा, फक्त अर्थिंग सुधारले असते. एलिमेंटची चीर जिथे आहे तिथे साधारण २०७ व्होल्ट धरले, तर ०.४२ अँपिअरसाठी वाटेचा एकूण रोध सुमारे ४९० ओहम येतो. त्यातले ११९ जमिनीचे, उरलेले ३७० च्या आसपास एलिमेंटमधल्या ओल्या वाटेचे. आणखी रॉड ठोकून घराचा रोध ४१ ओहमवर आणला, तर ट्रान्सफॉर्मरचे ७ धरून ४८ होतात. करंट वाढून ०.४९ अँपिअर होतो, पण न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज उतरतो २४ वर. चार्जरची मर्यादा ३०. म्हणजे संदेश येणे बंद, गाडी पूर्ण चार्ज, सगळे समाधानी, आणि गीझर आधीपेक्षा जास्त गळतो आहे. मीठ-पाण्याच्या सल्ल्याचा परिणाम नेमका हाच झाला असता, तोही खड्डा वाळेपर्यंतच. शिवाय मिठाने रॉड गंजतो.

न्यूट्रल आणि अर्थ जोडण्याच्या सल्ल्याने संदेश आणखी लवकर गेला असता, कारण चार्जर ज्यांच्यातला फरक पाहतो ती दोन्ही टोकेच एक झाली असती. आरसीसीबीच्या पुढे असा जोड दिला तर न्यूट्रलचा काही करंट अर्थच्या तारेने परतू लागतो आणि आरसीसीबी पडतो. मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात. त्यानंतर कधी बाहेरची न्यूट्रल तुटली, तर घरातल्या उपकरणांमधून आलेली फेज त्या जोडातून गाडीच्या पत्र्यावर आणि घरातल्या प्रत्येक अर्थ पिनवर येते. रॉडचा रोध शंभर ओहमच्या घरात असेल, तर तो व्होल्टेज खाली खेचू शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवला. गीझरचा एमसीबी त्याच क्षणी बंद. एलिमेंट आणि त्याचे पॅकिंग बदलले, टाकी भरून मेगरने पुन्हा तपासले, १ मेगओहमच्या बरेच वर वाचन आल्यावरच वीज दिली.

दुसरे, आणि घराच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम: घरातल्या उरलेल्या सगळ्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी. टीटी पद्धतीत याला पर्याय नाही. रॉड ११२ ओहमचा असताना फेज थेट पत्र्याला चिकटली तरी करंट जेमतेम दोन अँपिअर जातो. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला खात्रीने झटक्यात पडायला १६० अँपिअर लागतात. तो कधीच पडणार नाही, आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसाच उभा राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र त्याच रॉडवर, पत्रा ३-४ व्होल्टवर जाण्याच्या सुमारासच सर्किट तोडतो. त्यावरचे टेस्ट बटण दाबून पाहावे, पण ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासते. रॉड चांगला आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

चार्जरच्या आरसीसीबीला हात लावला नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी तपासणी असल्याने टाइप ए पुरेसा आहे. ती नसती तर टाइप बी लागला असता. टाइप एसी चार्जरसाठी कुठल्याच परिस्थितीत चालत नाही, कारण डीसी गळतीने त्याचा गाभा संपृक्त होतो आणि खरी एसी गळती आली तरी तो पडेलच याची खात्री राहत नाही.

रॉडचे काम शेवटी. आधीच्या रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर दोन नवे रॉड ठोकून तिन्ही तांब्याच्या तारेने जोडले. जवळ ठोकले असते तर एकाच मातीत तिघांचा करंट पसरला असता आणि फायदा फार कमी झाला असता. नवे मोजमाप ४१ ओहम.

नंतर गीझर चालू आणि गाडी ३२ अँपिअरवर, असे दोन्ही एकत्र ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजले: ३.९ व्होल्ट. मुख्य अर्थच्या तारेत ६ मिलिअँपिअर, तेही बहुतेक कपॅसिटरचेच.

आकडे वेगळे असते तर

नोंदीत गळतीचा कोड असता आणि न्यूट्रल-अर्थ शांत असता, तर शोध चार्जरच्या पुढे गेला असता. तिथे सर्वांत सोपी चाचणी अदलाबदलीची: हीच गाडी दुसऱ्या चार्जरवर आणि दुसरी गाडी या चार्जरवर. दोष गाडीसोबत गेला तर गाडीचा आतला चार्जर, किंवा गाडी बॅटरी गरम-थंड करताना चालू होणारा हीटर वा कॉम्प्रेसर. अशी गळती सुरुवातीला नसते, बॅटरीचे तापमान सांभाळायची वेळ आली की उगवते. दोष चार्जरपाशीच राहिला तर गन आणि केबल. गनच्या पिनांभोवती ओल, हिरवट थर किंवा करपल्याचे डाग दिसतात का पाहावे. गन वाळवल्यावर तक्रार काही दिवस गेली आणि पावसाबरोबर परतली, तर ओल केबल गनमध्ये शिरते त्या जागेतून येत असते. तेव्हा वाळवत बसण्यापेक्षा केबल बदलणे योग्य.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. साधा गळती क्लॅम्प एसीच पाहतो. ६ मिलिअँपिअरच्या डीसी गळतीने चार्जर थांबत असेल तर क्लॅम्प निरोगी आकडा दाखवेल आणि चार्जर खोटे बोलतो असे वाटेल. त्यासाठी डीसी गळती वाचणारा क्लॅम्प लागतो, किंवा चार्जरची नोंद आणि अदलाबदलीची चाचणी यांवर विसंबावे लागते. आणि मेगर चार्जरच्या केबलवर लावायचा असेल तर गाडी काढून, चार्जरच्या दोन्ही बाजूंच्या तारा सोडवूनच. ५०० व्होल्ट चार्जरच्या किंवा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांत गेले, तर नसलेला दोष तयार होतो.

रॉडचे पुढचे मोजमाप या घरात उन्हाळ्याच्या अखेरीस ठेवले आहे. माती सर्वांत कोरडी असते तेव्हा रोध सर्वांत जास्त येतो, आणि पावसाळ्यात घेतलेला ४१ चा आकडा तेव्हा किती होतो, हे त्या घराला माहीत असायला हवे.